विसावी ओळ

वेबसाइट कुणी केली हे कुणी विचारत नाही; ती बंद पडली की मात्र सगळ्यांना नंबर पाठ असतो. आदिती मगदूम हे अकरा वर्षं सोसत आली होती. राजारामपुरीत एका बेकरीच्या वर तिचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. शाळांच्या, दवाखान्यांच्या, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांच्या वेबसाइट ती करायची, आणि फाउंड्रीच्या मालकांना ‘आमचं नाव अजून जरा मोठं करा की’ यापलीकडं काही सुचत नसे. त्यामुळं गूळ उत्पादकांच्या एका संघटनेचा सचिव धैर्यशील जेव्हा म्हणाला, ‘‘मॅडम, आमास्नी गूळ शिकवायचाय, नुसता दाखवायचा न्हाय,’’ तेव्हा हे काम तिला पहिल्या वाक्यालाच आवडलं.

धैर्यशीलची अडचण खरी होती. चांगले गुळव्ये म्हातारे होत चालले होते आणि नवीन पोरं त्या वाफेत उभी राहायला तयार नव्हती. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा खरा मालक. जमीन आणि रस उकळायची काहील दुसऱ्याची असते एवढंच. रस कधी ढवळायचा, मळी कधी काढायची, आणि शेवटी काहील कोणत्या क्षणाला चुलवणावरनं उतरवायची, हे तो सांगतो. तो क्षण चुकला की अख्खं आधण, म्हणजे काहीलभर रस, वाया. तेव्हा एका चांगल्या गुळव्याचं एक पूर्ण आधण चित्रित करायचं, वेबसाइटवर ठेवायचं, आणि शिकणाऱ्याला हवा तो भाग पटकन सापडला पाहिजे, असं ठरलं.

‘‘गुळव्या कोण घ्यायचा?’’ आदितीनं विचारलं.

‘‘केरबा. पण ते काय ऐकंनात. दोनदा जाऊन आलो. क्यामेरा म्हटलं की उठूनच जात्यात.’’

आदिती हसली. केरबामामाला ती फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखत होती. तिच्या वडिलांचं, कल्लाप्पांचं, राधानगरी रोडला गुऱ्हाळ होतं. ती दहावीला असताना ते बंद झालं, पण तोवर पंधरा हंगाम तिथं केरबाच गुळव्या होता. शाळेतनं आलं की वाटीभर गरम काकवी तिच्या हातात ठेवणारा तोच. गुऱ्हाळ मोडल्यावर तो शेजारच्या गावात पृथ्वीराजच्या गुऱ्हाळावर गेला आणि तिथं त्याला एकोणीस हंगाम झाले होते. आदिती एका रविवारी त्याच्या घरी गेली, त्याच्या बायकोच्या, बयाबाईच्या, हातची भाकरी खाल्ली, आणि भाकरी संपायच्या आत केरबा तयार झाला.

‘‘तुज्यासाठी म्हणून उभारतो,’’ तो म्हणाला. ‘‘त्या धैर्यशीलला सांग, त्येच्यासाठी न्हवं.’’

ही गोष्ट तिनं धैर्यशीलला अगदी तशीच सांगितली. तेव्हा तिला स्वतःचा अभिमानच वाटला होता.

चित्रीकरण मार्चमध्ये, हंगाम संपता संपता झालं. पृथ्वीराजच्या गुऱ्हाळात दोन कॅमेरे लावले, एक काहिलीवर आणि एक केरबावर. तीन तासांचं आधण कापून, जोडून आदितीनं पावसाळ्यात अठ्ठेचाळीस मिनिटांचं केलं. आणि मग तिला ज्याची हौस होती ते काम आलं.

मोठ्या साइटवर व्हिडिओखालच्या पट्टीवर माउस फिरवला की वर एक छोटं चित्र दिसतं आणि कुठं काय आहे ते न चालवताच कळतं. तसंच तिला इथं करायचं होतं. त्याला लागतात दोन फायली. एक स्प्राइट, म्हणजे एकच मोठं चित्र. तिनं कमांड देऊन व्हिडिओतनं दर दहा सेकंदांना एक फ्रेम काढली, ती एकशेसाठ बाय नव्वद ठिपक्यांइतकी लहान केली, आणि एका ओळीत दहा अशा फरशा बसवाव्या तशा त्या सगळ्या एका चित्रात बसवल्या. दोनशे अठ्ठ्याऐंशी फ्रेमा, एकोणतीस ओळी. दुसरी फाइल वेबव्हीटीटीची, साधी मजकुराची. तिच्यात नोंदी असतात: अमुक सेकंदापासून तमुक सेकंदापर्यंत त्या मोठ्या चित्रातला हा चौकोन दाखव, डावीकडून इतका, वरून इतका, रुंदी इतकी, उंची इतकी. प्लेअर माउस कुठल्या वेळेवर आहे ते बघतो, नोंद शोधतो, आणि तेवढाच चौकोन दाखवतो. व्हिडिओला तो हातसुद्धा लावत नाही.

हे शेवटचं वाक्य आदितीला पाठ होतं. दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजात पोरांना तिनं फळ्यावर लिहून दिलं होतं. आपल्याला जे पाठ असतं ते आपण विचारात घेतोच असं नाही, एवढंच तिच्या बाबतीत झालं.

पहिल्यांदा पट्टीवर माउस फिरवला आणि चरकापासून ढेपेपर्यंतचं सगळं आधण छोट्या छोट्या चित्रांत सरकत गेलं, तेव्हा ती एकटीच खुर्चीत टाळ्या पिटत होती. सप्टेंबरात, साइट उघडायच्या आदल्या दिवशी, तिनं केरबाला ऑफिसात बोलावलं. ज्याचं काम त्यानं आधी बघावं, असं तिला वाटलं. हे मात्र तिचं चुकलं नव्हतं.

केरबा धुतलेलं धोतर नेसून आला, खुर्चीच्या टोकाला बसला आणि अर्धा तास बघत राहिला. काहिलीत भेंडीचं पाणी पडलं, मळी वर आली, झाऱ्यानं काढली गेली. मग पडद्यावरचा केरबा गोळी कशी बघायची ते सांगू लागला: उलथन्यानं पाक घ्यायचा, थंड पाण्यात सोडायचा, बोटांनी वळायचा, वळलेली गोळी थाळीवर मारायची, टणकन वाजली की काहील उतरवायची. एकतीस मिनिटं चाळीस सेकंदांवर पडद्यावरच्या केरबानं पाण्यात हात घातला.

हात कापत होता. थोडाथोडका नाही. गोळी वळता वळता सुटली. त्यानं दुसऱ्यांदा पाक घेतला, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, तरी बोटं जुळेनात. तिसऱ्यांदा गोळी भांड्याबाहेर पडली. खालनं, चुलवणाच्या तोंडापाशी जाळ घालत बसलेल्या ज्ञानूचा आवाज आला, ‘‘उतरवूया का मामा?’’ केरबा म्हणाला, ‘‘व्हय, घ्या.’’ आणि मग चौथ्यांदा घेतलेली गोळी कशीबशी जमली, थाळीवर टणकन वाजली.

खरं सांगायचं तर आदितीला तो भाग आवडला होता. संपादन करताना तिनं तो मुद्दाम ठेवला होता. म्हातारा हात, वाफ, मनगटावर धरलेला दुसरा हात. तिला त्यात काहीतरी सुंदर दिसलं होतं. शहरात दहा-पंधरा वर्षं राहिलं की दुसऱ्याच्या अडचणीत असं सौंदर्य दिसायला लागतं.

केरबानं पडद्यावरनं नजर काढली.

‘‘पोरी, हे तेवढं काढ.’’

‘‘मामा, चांगलं दिसतंय की. खरं वाटतंय.’’

‘‘खरं हाय म्हणूनच काढ. पुढच्या हंगामाला मला उभारायचंय का न्हाय? हे कुणाला दिसाय नको.’’

तिची मान खाली गेली. ‘‘काढते मामा. आत्ता काढते, तुमच्यासमोर.’’

आणि तिनं काढलं. एकतीस चाळीसपासून तेहतीस वीसपर्यंत, बरोबर शंभर सेकंद. आधीचं सांगणं आणि नंतरची जमलेली गोळी एकमेकांना इतकी नीट जुळली की मध्ये काही होतं असं कुणाच्या बापाला कळलं नसतं. नवीन व्हिडिओ तिनं जुन्याच्या जागी चढवला. मग मोबाइलवर साइट उघडून केरबाच्या हातात दिली. मोबाइलला माउस नसतो. बोट ठेवलं की व्हिडिओ तिथं जातो, छोटं चित्र वर येतच नाही. केरबानं दोनदा बघितलं. ज्ञानूचा आवाज नाही, मनगट नाही, सुटलेली गोळी नाही.

‘‘गेलं?’’

‘‘गेलं मामा. आता कुठंच न्हाय.’’

तो उठला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि रंकाळा स्टँडची बस पकडायला गेला. स्प्राइट तिथंच होतं. आदल्या आठवड्यात, अठ्ठेचाळीस मिनिटांच्या व्हिडिओवरनं बनवलेलं. त्यातली वरून विसावी ओळ, डावीकडून उजवीकडं दहाच्या दहा चौकोन, केरबाच्या हाताचे होते.

याच्यावर कुणी म्हणेल, चूक कुणाकडनं होत नाही? आदितीनंही स्वतःला तसंच सांगून बघितलं असतं. पण मध्ये एक फोन येऊन गेला होता, आणि तो फोन तिला पुढं कितीतरी दिवस ऐकू येत राहिला.

फोन धैर्यशीलचा होता, गुऱ्हाळमालकांना साइट दाखवायच्या कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी. ‘‘मॅडम, एक बारकं हाय. शेवटीशेवटी चित्र एक दिसतंय आणि व्हिडिओ दुसराच लागतोय. चित्रात काहील उतरवायल्यात, आणि क्लिक केलं की गूळ गार व्हायला वाफ्यात पडलेला.’’

‘‘थोडा फरक पडतो दादा. एक चित्र दहा सेकंदांचं असतं ना.’’

‘‘दहा न्हाय ओ. दीड मिनिटाचा फरक हाय.’’

‘‘बघते मी,’’ ती म्हणाली.

शंभर सेकंद. ज्याला मोजता येतं त्याच्यासाठी त्या फोनमध्येच सगळं होतं. ती तेव्हा एका शाळेच्या प्रवेश-अर्जात अडकली होती. ‘बघते’ म्हणून तिनं फोन ठेवला आणि बघितलं नाही. हा शब्द आपण दिवसातनं वीस वेळा म्हणतो आणि एकोणीस वेळा त्यानं काही बिघडत नाही, हाच त्याचा दोष.

कार्यक्रम दसरा झाल्यावर, मार्केट यार्डाजवळच्या एका हॉलात, सकाळी अकराला होता. हंगामाच्या तोंडावर सगळे गुऱ्हाळमालक येणार म्हणून तीच तारीख धरली होती. साठ-सत्तर माणसं आली. पहिल्या रांगेत केरबा, डोक्याला फेटा, खांद्यावर संघटनेनं घातलेली शाल. त्याच्या शेजारी पृथ्वीराज, आणि मागच्या रांगेत ज्या शेतकऱ्यांचा ऊस पृथ्वीराजकडं येतो ती माणसं. आदिती कडेला उभी होती. भाषणं झाली, नारळ झाले, आणि धैर्यशीलनं लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला.

‘‘आता बघा, गंमत सांगतो,’’ तो माइकवर म्हणाला. ‘‘अख्खा व्हिडिओ बघत बसायला नको. ही खाली पट्टी हाय. हितं माउस न्यायचा, वर चित्र दिसतंय. हे बघा, चरक. ही मळी. आता आपल्याला गोळी बघायचीय…’’

भिंतीवर ते छोटं चित्र हातभर मोठं झालं होतं. माउस सरकला. पाण्यात गेलेला हात. कापल्यामुळं पुसट झालेली बोटं. मनगटावर दुसरा हात. भांड्याबाहेर पडलेली गोळी. धैर्यशीलला लॅपटॉपवर बोट फिरवायची सवय नव्हती, त्यामुळं तो हळू जात होता, आणि ती चित्रं एकामागनं एक अशी आली की हात भिंतीवर खरोखर थरथरू लागला.

‘‘हे कुठलं आलं?’’ धैर्यशील म्हणाला आणि त्यानं क्लिक केलं. व्हिडिओ लागला. केरबाची गोळी नीट जमलेली, थाळीवर टण. ‘‘हां, हे बरोबर हाय.’’ त्यानं पुन्हा मागं माउस नेला. पुन्हा मनगट. क्लिक केलं, पुन्हा टण. असं तीन वेळा झालं. बिचाऱ्याला कळेना की जे दिसतंय ते लागत का नाही, आणि तो सगळ्यांच्या देखत ते शोधत बसला.

आदितीला पहिल्या चित्रालाच कळलं होतं. खुर्च्यांमधनं वाट काढत ती टेबलापाशी पोचेपर्यंत एवढं होऊन गेलं; तिनं वायर ओढली, भिंत पांढरी झाली. पण त्याआधी मागनं कुणीतरी बोललं होतं, ‘‘अरे, हात बघितला काय?’’ आणि दुसरा म्हणाला होता, ‘‘परत दाखवा की जरा.’’ आणि चार मोबाइल वर धरलेले होते.

केरबा बसल्या जागेवर होता. त्यानं मागं वळून बघितलं नाही, आदितीकडंही बघितलं नाही. फक्त उजवा हात त्यानं शालीखाली घेतला.

ऑफिसात येऊन तिनं नवीन स्प्राइट केलं. त्याला दहा मिनिटं लागली. हे कुणाला सांगायचीही लाज वाटावी इतकं ते सोपं होतं. कापलेल्या व्हिडिओवरनं दोनशे अठ्ठ्याहत्तर फ्रेमा, नव्या नोंदी, चढवलं. पाच वाजता धैर्यशीलचा फोन आला, ‘‘माझ्याकडं अजून तेच दिसतंय.’’ बरोबरच होतं. साइट जलद चालावी म्हणून तिनंच सांगून ठेवलं होतं की ही चित्रं ब्राउझरनं वर्षभर जवळ ठेवावीत, पुन्हा मागू नयेत. नाव तेच, मग ब्राउझर जुनंच काढून दाखवणार. तिनं दोन्ही फायलींची नावं बदलली, पानावर नवी नावं दिली, तेव्हा कुठं ती ओळ गेली. पण माणसांनी मोबाइलवर काढलेले फोटो काही नाव बदलून जात नाहीत. ते दिवे लागायच्या आत तालुकाभर फिरले. एका ग्रुपवर कुणीतरी खाली हसायच्या तोंडांची रांग टाकली होती. आदितीनं तो ग्रुप सोडला, जणू तिनं सोडल्यानं काही होणार होतं.

केरबाला तिनं आठ दिवसांत सहा फोन केले. एकदा बयाबाईनं उचलला. ‘‘झोपल्यात,’’ ती म्हणाली. सकाळचे दहा वाजले होते.

दिवाळी झाली, गुऱ्हाळं पेटली. पृथ्वीराजच्या गुऱ्हाळावर चिकोडीकडचा एक गुळव्या आल्याचं आदितीला धैर्यशीलकडनंच कळलं. तिनं गाडी काढली आणि थेट तिथं गेली. पृथ्वीराजला समजावून सांगायचं, हात जोडायचे, लागलं तर रडायचं, असं सगळं ठरवून गेली होती.

पृथ्वीराज चिपाडाच्या ढिगापाशी उभा होता. तो तिच्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठा, लहानपणापासूनचा ओळखीचा. त्यानं तिला बाजूच्या खाटेवर बसवलं आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. तिनं सांगितलं की चूक तिची आहे, केरबामामा मार्चमध्ये आजारी असतील, दमले असतील, एका दिवसाच्या हातावरनं एकोणीस हंगाम मोडू नयेत.

‘‘आदिती,’’ तो म्हणाला, ‘‘म्हाताऱ्याचा हात कापतोय हे मला काय तुझं चित्र बघून कळलं व्हय?’’

‘‘म्हणजे?’’ तिनं विचारलं.

‘‘तीन वर्सं झाली की. मला ठावं हाय, ज्ञानूला ठावं हाय, चरकावरच्या गड्यास्नी ठावं हाय. ज्ञानूला मीच सांगून ठेवलंतं, मामा गोळी बघाय वाकलं की तू रसाचा आवाज ऐकायचा आणि येळ झाली की इचारायचं, उतरवूया का. मामा म्हणायचं, व्हय घ्या. बास. मामास्नी वाटायचं, आपणच उतरवली. तीन वर्सांत एक आधण बिघडलं न्हाय.’’

‘‘मग आत्ताच का दादा? आत्ता काय बदललं?’’

‘‘बघितलं की सगळ्यांनी.’’ पृथ्वीराज चुलवणाकडं बघत बोलत होता. ‘‘कुणी बघितलं नव्हतं तवर मलाबी बघायचं कारण नव्हतं. आता ऊसवाली माणसं येऊन तोंडावर इचारत्यात, आमचं आधण त्या हाताखाली घालायचं व्हय? काय सांगू त्यास्नी? मामा न्हाय बघत, ज्ञानू बघतोय, असं सांगू? मग मामाचं काय ऱ्हायलं? त्यापरीस घरात बसलेलं बरं. निदान गुळव्या म्हणून बसतील.’’

काहिलीपाशी नवा गुळव्या उलथनं घेऊन उभा होता, तिशीतला, हात दगडासारखा स्थिर. खाली ज्ञानू बसून चिपाड सारत होता. त्याला आता काही विचारायचं नव्हतं.

आदिती तिथनं उठली तेव्हा तिच्या मनात, खोटं कशाला बोला, थोडं हलकं वाटत होतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे आपण केलं ते नवीन काही नव्हतं. झाकण उघडलं एवढंच. गाडी चालवताना तिनं हे वाक्य दोन-तीनदा जुळवून बघितलं. केरबामामाला असं सांगावं, की मामा, तुमच्यावर सगळ्यांचा इतका जीव आहे की तीन वर्षं त्यांनी तुम्हाला कळू दिलं नाही. ऐकायला ते किती चांगलं वाटत होतं.

केरबा सोप्यात बसला होता. अंगात सदरा, मांडीवर टॉवेल, टॉवेलाखाली उजवा हात. त्यानं तिला ‘ये’ म्हटलं, पण डोक्यावर हात ठेवला नाही. बयाबाई आत निघून गेली.

‘‘मामा, माझं चुकलं,’’ ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

त्यानं तिला रडू दिलं. मग विचारलं, ‘‘मला एक सांग. तू माझ्या म्होरं काढलंस. मी फोनवर बघितलं, नव्हतं. मग भितीवर कुठनं आलं?’’

तिनं सांगितलं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत. की व्हिडिओ वेगळा असतो आणि पट्टीवरची चित्रं वेगळी. ती आधीच एका मोठ्या पानावर छापल्यासारखी काढून ठेवलेली असतात. व्हिडिओ कापला तरी ते पान आपोआप बदलत नाही. ते पुन्हा करावं लागतं. ते तिनं केलं नाही. फोनवर ती चित्रं दिसतच नाहीत, म्हणून दोघांनाही कळलं नाही.

केरबानं सगळं ऐकलं. आयुष्यभर उकळत्या रसाकडं बघितलेला माणूस तो, त्याला कसलंही काम समजून घ्यायला वेळ लागत नसे.

‘‘म्हंजे दोन जागी होतं.’’

‘‘व्हय.’’

‘‘मग मला सांगायचंस की पोरी, दोन जागी हाय म्हणून. मी दोन्हीकडनं काढ म्हटलं असतं.’’

तिनं डोळे पुसले.

‘‘तुला सांगतो,’’ केरबा जरा पुढं सरकला. त्याचा आवाज बदलला, त्यात एक वेगळाच ताठा आला. ‘‘तीन वर्सं. तीन वर्सं मी कुणाला म्हणून कळू दिलं न्हाय. ज्ञानू माझ्या पायाखाली बसतोय, त्याला पत्ता न्हाय. पृथ्वीराज दिवसातनं धा येळा काहिलीपाशी येतोय, त्याला न्हाय. कवा पाठ करून उभारायचं, वाफ कुठल्या बाजूला जाती, त्या बाजूला हात कसा न्यायचा, मनगट कसं धरायचं, सगळं माझं मी शिकलो. ह्या वयात. बयाला सुदीक मी सांगितलं न्हवतं. गोळीपरीस ते अवघड होतं बघ.’’

आदितीच्या जिभेवर पृथ्वीराजचं वाक्य होतं. ते बोललं असतं तर तिच्यावरचं अर्धं ओझं उतरलं असतं. तिनं केरबाच्या तोंडाकडं बघितलं. गुळव्याचं काम गेलं होतं, हंगाम गेला होता, फेट्याचा मान फोटोत जाऊन बसला होता. एवढंच एक उरलं होतं, की त्यानं ते शेवटपर्यंत लपवलं होतं आणि ते त्याला जमलं होतं.

‘‘खरं सांग,’’ तो म्हणाला. ‘‘तू गावात हिंडतीस, चार माणसांशी बोलतीस. त्या चित्राच्या आधी कुणाला कळलंतं?’’

‘‘न्हाय मामा,’’ ती म्हणाली. ‘‘कुणालाच न्हाय. माझ्यामुळं कळलं.’’

केरबानं मान डोलावली. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर जरा बरं वाटल्यासारखं दिसलं.

‘‘तेच म्हणतोय मी,’’ तो म्हणाला.